महिन्याचा विसावा दिवस: विक्री किती घसरली की तोटा सुरू होतो?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिनशॉपच्या ऑफिसात भिंतीवर साधं तारखांचं कॅलेंडर आहे. दर महिन्यात एका तारखेभोवती लाल पेनानं गोल केलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं पगाराची तारीख असेल, नाहीतर बँकेच्या हप्त्याची. पण तो गोल त्या महिन्यातल्या विसाव्या कामाच्या दिवसाभोवती असतो. तोवरचं सगळं काम भाडं, पगार, व्याज आणि विजेत जातं. विसाव्या दिवसानंतर मशिनवरून उतरतो तो प्रत्येक जॉब मालकाच्या घरात काहीतरी आणतो.

मी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या छोट्या जॉबवर्कवाल्यांचे हिशेब बघतो. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर टर्निंग, बोअरिंग करून परत पाठवणारी ही दोन-चार सीएनसी मशिनची शॉप असतात. नव्यानं शॉप टाकणारा माणूस पहिल्या वर्षी मला एकच प्रश्न विचारतो, "महिन्याला किती सुटतील?" त्याच्या जोडीनं दुसरा प्रश्न विचारायला हवा: आजचं काम किती कमी झालं तर सुटायचं बंद होईल? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला हिशेबाच्या पुस्तकात सुरक्षितता सीमा म्हणतात आणि बँकवाले मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणतात. आपल्याकडं "मार्जिन" म्हटलं की एका नगामागचा नफा समजतात, म्हणून गोंधळ नको. मी पुढं सुरक्षितता सीमा हाच शब्द वापरतो.

ती कशी काढायची ते एका शॉपवरून दाखवतो. तीन सीएनसी, दोन पाळ्या, महिन्याला पंचवीस कामाचे दिवस. डोक्यात बसावेत म्हणून आकडे गोल केले आहेत.

आधी विक्रीचा खरा आकडा धरा

या शॉपची महिन्याची जॉबवर्कची बिलं ६,००,००० रुपयांची होतात. यात जीएसटी धरलेला नाही, आणि तो धरायचाही नाही. तो सरकारचा पैसा आहे, आपल्या खात्यातून फक्त पुढं जातो. हे सांगायचं कारण असं की बरेच जण बँकेत जमा झालेली रक्कम बघून धंदा मोजतात. त्या रकमेत जीएसटी असतो, मागच्या महिन्यांची थकलेली बिलं असतात, कधी भंगार विकल्याचे पैसे असतात. हिशेबाला घ्यायचं ते या महिन्यात केलेल्या कामाचं बिल, करापूर्वीचं. पार्टीनं रिजेक्शनपोटी डेबिट नोट पाठवली असेल तर ती खर्चात दाखवा किंवा बिलातून वजा करा, पण दोन्हीकडं नको.

एका महिन्यावर विसंबू नका. गेल्या सहा महिन्यांची सरासरी घ्या. ऑगस्टमध्ये पाऊस, पुढं गणपती, दसरा, मग दिवाळीची सुट्टी, त्यामुळं एखादा महिना फारच वर किंवा फारच खाली दिसतो.

खर्चाच्या दोन पिशव्या

सगळा खर्च दोन पिशव्यांत टाकायचा. पहिल्या पिशवीत काम वाढलं की वाढणारा आणि काम थांबलं की थांबणारा खर्च, म्हणजे बदलता खर्च. दुसऱ्या पिशवीत मशिनवर एकही जॉब चढला नाही तरी द्यावाच लागणारा, म्हणजे स्थिर खर्च. सगळी मेहनत याच पायरीवर आहे. इथं चूक झाली तर पुढचं गणित कितीही बरोबर केलं तरी उत्तर खोटं येतं.

आपल्या शॉपचा बदलता खर्च असा: मशिन चालल्यानं लागणारी वीज ६०,०००, इन्सर्ट आणि टूल ५४,०००, टेम्पो २६,०००, ओव्हरटाइम १८,०००, कूलंट-ऑइल-वेस्ट १२,००० आणि रिजेक्शन १०,०००. एकूण १,८०,०००. म्हणजे शंभर रुपयांच्या बिलातले तीस रुपये काम करण्यातच जातात आणि सत्तर उरतात. या सत्तर रुपयांना पुस्तकात अंशदान म्हणतात. दुसरी पिशवी भरली जाते ती या सत्तर रुपयांतून.

स्थिर खर्च असा: सहा ऑपरेटरांचे पगार १,०८,०००, हेल्पर १४,०००, गाळ्याचं भाडं ३६,०००, कर्जाचं व्याज ३०,०००, मशिनचा घसारा ६०,०००, विजेचा ठरलेला आकार १६,०००, विमा-देखभाल-हिशेबनीस-फोन वगैरे ३२,०००, आणि मालकाचा स्वतःचा पगार ४०,०००. बेरीज ३,३६,०००.

मालकाच्या पगारावर बहुतेक जण अडखळतात. "माझाच धंदा, मी कशाला पगार घेऊ?" असं म्हणतात. पण घरचा किराणा, पोरांची फी आणि आईची औषधं त्याच गल्ल्यातून जातात. तो पगार धरला नाही तर सुरक्षितता सीमा कागदावर मोठी दिसते आणि घरात मात्र ओढाताण चालू राहते. तेच काम करायला बाहेरचा माणूस ठेवला असता तर त्याला जेवढं द्यावं लागलं असतं, तेवढं स्वतःच्या नावावर लिहा.

विजेचं बिल दोन्ही पिशव्यांत वाटावं लागतं. महावितरणच्या बिलावर स्थिर किंवा मागणी आकार वेगळा असतो आणि वापरलेल्या युनिटांचा वीज आकार वेगळा. ते बिल समोर घेऊन वाटणी करणं सगळ्यात चांगलं. ते जमत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. जास्त कामाचा एक महिना आणि कमी कामाचा एक महिना निवडा. आपल्या शॉपमध्ये मशिन १,२०० तास चालल्या त्या महिन्यात बिल ७६,००० आलं. ८०० तास चालल्या तेव्हा ५६,०००. चारशे तासांच्या फरकाला वीस हजार, म्हणजे तासाला ५० रुपये. ८०० तासांचे ४०,००० झाले. ५६,००० मधले उरलेले १६,००० हे मशिन चालो न चालो, यायचेच. दोन्ही महिन्यांत विजेचा दर तोच होता एवढं तपासा. दर मध्येच बदलला असेल तर ही युक्ती फसवते.

ऑपरेटरचा पगार कुठल्या पिशवीत, यावर मला वाद घालावा लागतो. "काम नसलं तर माणूस कमी करायचा, मग तो स्थिर कसा?" असा सूर असतो. पण प्रत्यक्षात काय होतं बघा. सेटिंग येणारा ऑपरेटर आज सोडला तर तो पुढच्या आठवड्यात कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत दुसऱ्या शॉपला लागलेला असतो. काम परत आलं की नवा माणूस शोधा, त्याला तुमचे जॉब शिकवा, तोवर रिजेक्शन सोसा. म्हणून शहाणा मालक दोन-तीन महिने तरी माणूस धरून ठेवतो. जो खर्च तुम्ही प्रत्यक्षात कमी करणार नाही, तो स्थिर. नगावर पैसे घेणारा फेटलर असेल तर तो मात्र बदलत्या पिशवीत जाईल.

टेम्पोचंही तसंच आहे. तो मी बदलता धरलाय, पण अर्धा भरलेला टेम्पोही पूर्ण भाडं घेतो. काम थोडं कमी झालं तर टेम्पोचा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. छोटा खर्च असल्यामुळं इथं चालून जातं. तुमच्याकडं वाहतूक मोठी असेल तर तिच्याकडं वेगळं बघा.

आता भागाकार

शंभरातले सत्तर उरतात आणि ३,३६,००० भरायचे आहेत. ३,३६,००० भागिले ०.७०, उत्तर ४,८०,०००. एवढ्या बिलावर नफा नाही आणि तोटाही नाही. याला ब्रेकइव्हन म्हणतात.

सध्याची विक्री ६,००,०००. त्यातून ४,८०,००० वजा केले की १,२०,००० उरतात. ही सुरक्षितता सीमा, आणि सध्याच्या विक्रीच्या प्रमाणात ती २० टक्के. काम वीस टक्क्यांपर्यंत कमी झालं तरी शॉप तोट्यात जात नाही, त्यापुढं जातं.

पडताळा लगेच घेता येतो. सीमेच्या १,२०,००० ला ०.७० नं गुणलं की ८४,००० येतात. आणि ६,००,००० मधून दोन्ही पिशव्या वजा केल्या तरी नफा ८४,०००च येतो. हे दोन आकडे जुळले नाहीत तर कुठलातरी खर्च दोनदा धरलाय नाहीतर राहून गेलाय.

हे सगळं शीटमध्ये ठेवायचं असेल तर B1 मध्ये विक्री, B2 मध्ये बदलता खर्च आणि B3 मध्ये स्थिर खर्च लिहा. B4 मध्ये पहिलं सूत्र टाकलं की ब्रेकइव्हन येतो, B5 मध्ये दुसरं टाकलं की सुरक्षितता सीमा. B5 ला टक्क्याचं रूप द्या.

```
=B3/(1-B2/B1)
=1-B4/B1
```

आता ते कॅलेंडर. महिन्याला सहा लाख आणि पंचवीस दिवस, म्हणजे दिवसाला २४,००० चं काम. ४,८०,००० व्हायला वीस दिवस लागतात. वीस टक्के हा शब्द ऑपरेटरला काही सांगत नाही, पण "पाच दिवस बुडाले तर महिना फुकट" हे सगळ्यांना कळतं. मी आता प्रत्येक शॉपमध्ये सीमा दिवसांतच सांगतो.

कोल्हापुरात हे पाच दिवस नुसते कागदावरचे नसतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. जुलै २०२१ मध्ये परत तेच झालं. शॉपमध्ये पाणी शिरलं नाही तरी कास्टिंग येत नाही, तयार माल जात नाही, माणसं पोचत नाहीत. आजच्या आकड्यांवर तसे आठ दिवस गेले तर सतरा दिवसांचं ४,०८,००० चं काम होईल. ब्रेकइव्हनला ७२,००० कमी पडले, त्याचे सत्तर टक्के म्हणजे ५०,४०० चा तोटा. ज्याची सीमा पाच दिवसांची आहे, त्यानं पावसाळ्यापूर्वी एवढी रक्कम बाजूला ठेवलेली बरी.

नग घटणं वेगळं, दर घटणं वेगळं

नवा माणूस वीस टक्के हा आकडा पाठ करतो आणि नेमका इथं फसतो. वीस टक्क्यांचा हिशेब खरा आहे तो जॉब कमी आले तर. जॉब कमी आले की इन्सर्ट कमी लागतात, वीज कमी लागते, म्हणजे विक्रीबरोबर खर्चही थोडा उतरतो. पण दर कमी झाला तर? नग तेवढेच, मशिन तेवढीच चालते, इन्सर्ट तेवढेच झिजतात. बदलत्या खर्चातला एक रुपयाही कमी होत नाही. दरातली सगळी घट सरळ नफ्यातून जाते.

आपल्या शॉपचा नफा ८४,००० आहे. सहा लाखांचे ते १४ टक्के होतात. म्हणजे काम वीस टक्के घटलं तर शॉप शून्यावर येतं, पण दर मात्र चौदा टक्के उतरला की येतं.

एका मालकाचा प्रसंग सांगतो. मोठ्या पार्टीच्या परचेसवाल्यानं फोन केला, "सगळीकडं दर उतरलेत, दहा टक्के कमी करा, काम वाढवून देतो." मालकानं मला विचारलं, "दहाच टक्के तर आहेत. आपली सीमा वीसची आहे की ओ! सोसंल की." मी वहीत त्याच्यासमोर मांडून दाखवलं. सगळ्याच कामाचा दर दहा टक्क्यांनी उतरला तर बिल ५,४०,००० होईल. बदलता खर्च तोच, १,८०,०००. उरले ३,६०,०००, म्हणजे आता शंभरातले सत्तर नव्हे, ६६ रुपये ६७ पैसे. ब्रेकइव्हन ४,८०,००० वरून ५,०४,००० वर चढला. विक्री खाली आली आणि ब्रेकइव्हन वर गेला, दोन्हीकडून चिमटा. नवी सीमा ३६,०००, म्हणजे ६.७ टक्के. पंचवीस दिवसांतले पुरते दोन दिवससुद्धा नाहीत. नफा ८४,००० वरून २४,०००.

तो बराच वेळ वहीकडं बघत बसला. मग त्यानं परचेसवाल्याला सरसकट दहा टक्क्यांऐवजी एकाच जॉबवर चार टक्के देऊ केले आणि बदल्यात पुढच्या तीन महिन्यांचं शेड्यूल लिहून मागितलं. ते मिळालं. प्रत्येक वेळी मिळतंच असं नाही, पण दर कमी करताना आपली दरातली सीमा किती आहे हे ठाऊक असलं की बोलताना जीभ अडखळत नाही.

याच्याच पोटातली एक गोष्ट. काही जण जॉबवर्क सोडून कास्टिंगसकट माल द्यायला लागतात. समजा सहा लाखांचं कास्टिंग स्वतः घेऊन त्याच भावात पुढं लावलं. विक्री बारा लाख दिसते, पण नफा तोच ८४,०००. गणित केलं तर नग घटण्याची सीमा २० टक्केच राहते. दराची सीमा मात्र चौदावरून सातवर येते, कारण तोच नफा आता दुप्पट बिलाला पुरवायचा असतो. कास्टिंगचा भाव वाढला आणि पार्टीनं तो महिनाभर उशिरा मान्य केला, की तो महिना गेला. मालासकट काम घेऊ नका असं मी म्हणत नाही. कास्टिंगवर स्वतःचे काही टक्के लावता येत असतील आणि भाववाढ कोणी सोसायची हे आधी ठरलं असेल, तरच घ्या.

एका पार्टीचा भार

काम पाच-पाच टक्क्यांनी हळूहळू घटत नाही. एखाद्या पार्टीचं शेड्यूल येतं आणि ते अर्धं असतं. म्हणून सीमा काढून झाली की तिच्या शेजारी पार्ट्यांची नावं आणि त्यांची महिन्याची बिलं लिहा. आपल्या शॉपमध्ये पहिल्या पार्टीचं काम २,७०,००० चं आहे, दुसऱ्याचं १,५०,०००, तिसऱ्याचं १,२०,००० आणि बाकी किरकोळ मिळून ६०,०००.

सीमा १,२०,०००. तिसरी पार्टी पूर्ण गेली तरी शॉप काठावर उभं राहतं. दुसरी गेली तर तोटा. आणि पहिली जायचीही गरज नाही, तिनं शेड्यूल निम्मं केलं तरी १,३५,००० गेले. ८४,००० चा नफा जाऊन १०,५०० चा तोटा उभा राहतो. ट्रॅक्टरच्या पार्टचं काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. हंगामाप्रमाणं कंपनी उत्पादन वरखाली करते आणि त्याचा धक्का साखळीच्या टोकाला असलेल्या जॉबवर्कवाल्याला बसतो.

माझं मत स्पष्ट आहे. कुठल्याही एका पार्टीचं अर्धं काम सुरक्षितता सीमेपेक्षा जास्त असेल, तर नव्या मशिनच्या आधी नवी पार्टी शोधा. थोडा कमी दर मिळाला तरी चालेल, पण ती वेगळ्या धंद्यातली असू दे. पहिली ट्रॅक्टरची असेल तर दुसरी पंपाची किंवा व्हॉल्व्हची बघा. दोन्ही पार्ट्या ट्रॅक्टरच्याच असतील तर नावं दोन असली तरी भार एकच.

हप्ता सीमेत दिसत नाही

आतापर्यंतच्या हिशेबात व्याज ३०,००० आणि घसारा ६०,००० धरलाय. पण बँक घसारा मागत नाही, हप्ता मागते. या शॉपचा हप्ता १,१०,००० आहे. त्यात ३०,००० व्याज आणि ८०,००० मुद्दल. नफ्यातोट्याच्या हिशेबात मुद्दल येत नाही, कारण ती खर्च नाही, कर्जाची परतफेड आहे. खिशातून मात्र ती जातेच.

म्हणून दुसरा एक हिशेब रोखीचा करायचा. स्थिर खर्चातून घसाऱ्याचे ६०,००० काढा, मुद्दलाचे ८०,००० घाला. ३,५६,००० झाले. त्याला ०.७० नं भागलं की ५,०८,५७१ येतात. रोखीची सीमा राहिली साधारण ९१,०००, म्हणजे १५ टक्के. शॉप वीस टक्के घटीपर्यंत नफ्यात दिसेल, पण पंधरा टक्क्यांनंतरच हप्त्याला कुठूनतरी उसने आणावे लागतील. "बॅलन्सशीटला नफा आहे मग पैसे गेले कुठं?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा याच फरकात सापडतं.

कर्ज फिटलं की हे उलटं होतं. मुद्दल थांबते आणि रोखीची सीमा एकदम रुंदावते. पण घसारा मात्र धरत राहा, कारण मशिन झिजतच असते आणि पुढची मशिन त्याच पैशातून यायची असते.

या दोन्ही सीमा एक गोष्ट सांगत नाहीत, ती म्हणजे वसुली. बिल केलं पण पार्टीनं पंचेचाळीस दिवसांऐवजी नव्वद दिवसांनी पैसे दिले, तर सीमा वीस टक्के असूनही शॉप पगाराला अडतं. त्यासाठी थकबाकीची यादी वेगळी बघावी लागते.

चौथी मशिन

काम वाढलं की पहिला विचार नव्या मशिनचा येतो. मशिन आली की काय होतं ते आधी कागदावर बघा. चौथ्या सीएनसीमुळं स्थिर खर्चात व्याज १५,०००, घसारा २०,०००, दोन ऑपरेटर ३६,००० आणि विजेचा ठरलेला आकार ४,००० वाढला असं धरू. एकूण ७५,०००. नवा स्थिर खर्च ४,११,०००, ब्रेकइव्हन ५,८७,१४३.

मशिन पायावर उभी राहिली, ट्रायल चालू आहे, पण काम अजून सहा लाखांचंच आहे. या क्षणी सुरक्षितता सीमा १२,८५७ रुपये, जेमतेम दोन टक्के. अर्धा दिवस लाइट गेली तरी ती जवळजवळ संपते. जुनीच वीस टक्के सीमा परत मिळवायची तर ५,८७,१४३ भागिले ०.८०, म्हणजे सुमारे ७,३४,००० चं बिल व्हावं लागेल. नव्या मशिननं महिन्याला १,३४,००० चं काम आणलं तर तुम्ही जिथं होता तिथं परत आलात. जुन्या तीन मशिनी प्रत्येकी दोन लाखांचं काम करतात. चौथीनंही तेवढं केलं तर बिल आठ लाख होतं आणि सीमा २६ टक्क्यांच्या वर जाते. तीच मशिन अर्धी रिकामी राहिली, एक लाखच आणले, तर सीमा १६ टक्के. म्हणजे तीन मशिनींवर होती त्याहून कमी, आणि डोक्यावर हप्ता जास्त.

म्हणून ऑर्डर तोंडी असेल तर मी थांबायला सांगतो. काही महिने जास्तीचं काम शेजारच्या शॉपला देऊन करून घ्या. त्यात दर नगामागे कमी सुटतं, पण तो खर्च बदलत्या पिशवीत राहतो, काम थांबलं की तोही थांबतो. काम सहा महिने टिकलं की मग मशिनची चौकशी करा.

शिरोलीतल्या त्या मालकानं चौथी मशिन घेतली. पहिल्या महिन्यात त्याचा लाल गोल विसाव्या दिवसावरून चोविसाव्याच्याही पुढं सरकला होता, म्हणजे महिना जवळपास संपत आला तेव्हा शॉप स्वतःच्या पायावर आलं. तिसऱ्या महिन्यात नवी मशिन अर्धी भरली आणि गोल एकविसाव्या दिवसावर आला. आता दर महिन्याच्या पाच तारखेला तो मागच्या महिन्याची बिलं आणि खर्च काढून बसतो, तीन आकडे बदलतो आणि नवा गोल करतो. गेल्या वेळी मी गेलो तेव्हा तो अठराव्या दिवसाच्या जरा पुढं होता. चौथ्या मशिनवर पंपाच्या पार्टचं काम चढलं होतं, आणि पार्ट्यांच्या यादीत पहिल्या पार्टीचा आकडा प्रथमच एकूण बिलाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास आला होता.